सरांनी फळ्यावर खोडलेलं सूत्र

अकरावीत आमच्या वर्गातल्या एका मुलाने भौतिकशास्त्राच्या सरांना विचारलं होतं, "सर, वीज जितक्या जास्त व्होल्टेजने पाठवाल तितका तारेतला ऱ्हास कमी, असं पुस्तकात दिलंय. पण शक्ती म्हणजे V²/R. मग व्होल्टेज वाढवल्यावर ऱ्हास वाढायला नको का?" प्रश्न अगदी रास्त होता. सरांनी त्याचं उत्तर लगेच दिलं नाही. ते आम्हाला मैदानावर घेऊन गेले.

इंदूरच्या थंडीत स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. रंगमंच मैदानाच्या पार टोकाला, आणि मेन बोर्ड ऑफिसच्या व्हरांड्यात. मधे शंभर मीटर केबल, 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची. तिच्यावर तीन किलोवॅटचे हॅलोजन. सरांनी मल्टिमीटर आणला होता. बोर्डावर 230 व्होल्ट भरले. रंगमंचावर, सगळे दिवे लावल्यावर, 213.

वर्गात आल्यावर हिशेब झाला. वीज जाते तशी परतही येते, म्हणून तार दोनशे मीटर. तिचा रोध सुमारे 1.4 ओहम. प्रवाह बारा ॲम्पियर, म्हणजे 17 व्होल्ट केबलमध्येच पडले, आणि 12 × 12 × 1.4, म्हणजे दोनशे वॅट केबल तापवण्यात गेले. मग सरांनी त्या मुलाला त्याचं सूत्र चालवायला सांगितलं. 230 चा वर्ग भागिले 1.4 केल्यावर उत्तर आलं सदतीस हजार वॅटच्या वर! दिवेच मुळी तीन हजार वॅटचे. सरांनी सूत्रातला 230 खोडून तिथे 17 लिहिलं. उत्तर पुन्हा दोनशेवर आलं. केबलच्या दोन टोकांमध्ये 230 व्होल्ट नसतातच, तिच्या वाट्याला फक्त पडलेले 17 येतात. सूत्र बरोबर होतं, त्यात घातलेला आकडा दुसऱ्याच जागेचा होता.

पुढे मी वीज वितरणात नोकरीला लागलो आणि हाच हिशेब माळव्यातल्या ट्यूबवेलवर रोज करावा लागला. शेतकऱ्याची तक्रार ठरलेली: "साहब, लाइन में तो पूरा वोल्टेज है, फिर मोटर क्यों जलती है?" तो खोटं बोलत नसे. मोटारी बंद असताना तारेतून प्रवाहच नसतो, मग व्होल्टेज पडणार कसं? मीटर लावायचा तो पंप चालू असताना, आणि तोही पंपाच्या स्टार्टरवर. डीपीपाशी, म्हणजे लाइन जिथून निघते त्या ट्रान्सफॉर्मरपाशी, लावला तर सगळं ठीकच दिसतं.

समजा 415 व्होल्टच्या लाइनवर डीपीपासून एक किलोमीटरवर मोटारी मिळून 20 किलोवॅट ओढतात, पॉवर फॅक्टर 0.8. प्रत्येक तारेचा रोध सुमारे 0.9 ओहम. शेवटपर्यंत 415 पोहोचलं असतं, तर प्रवाह 35 ॲम्पियर झाला असता. पण पोहोचत नाही. हॅलोजनचं व्होल्टेज पडलं की तो मंद होतो आणि प्रवाह कमी घेतो. मोटारीचं उलटं आहे. पाणी तेवढंच उचलायचं असल्याने ती कमी व्होल्टेजची भरपाई जास्त प्रवाहाने करते, त्यामुळे तारेत आणखी व्होल्टेज पडतं, आणि प्रवाह पुन्हा वाढतो. तारांचा रिॲक्टन्सही धरला, तर हे सगळं साडेतीनशे व्होल्ट आणि 41 ॲम्पियरच्या आसपास स्थिरावतं. तेव्हा तीन तारांत मिळून साडेचार किलोवॅटच्या वर उष्णता होऊन जाते. मोटारीचं वाइंडिंग या वाढीव प्रवाहाने भाजत राहतं. रोज थोडं थोडं, म्हणून जळल्यावर दोष वाइंडिंगवाल्याला दिला जातो.

तार जाड केली तर फरक पडतो, पण रोध निम्मा करायचा तर दुप्पट ॲल्युमिनियम लागतं. त्याऐवजी त्याच तारांतून तेच 20 किलोवॅट 11 केव्हीने न्या. व्होल्टेज साडेसव्वीस पट, म्हणून प्रवाह सव्वा-दीड ॲम्पियरच. आणि ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाने घटत असल्यामुळे पाच वॅटहून कमी. म्हणून अलीकडे 11 केव्हीची लाइन शेतापर्यंत नेऊन दोन-चार पंपांना एक छोटा ट्रान्सफॉर्मर देतात. मोटारीपर्यंतची 415 ची तार मग थोडीच उरते.

यालाही मर्यादा आहे, आणि नवीन इंजिनिअर ती विसरतात. ट्रान्सफॉर्मरचा गाभा पंप बंद असतानाही, रात्रंदिवस, थोडी वीज खात राहतो. रब्बीचे काही महिनेच पंप चालत असतील आणि लाइन शे-दीडशे मीटरचीच असेल, तर तारेत वाचलेली वीज वर्षभरात गाभ्यातच जाते. अशा ठिकाणी मी नवा ट्रान्सफॉर्मर मागत नसे, आहे त्याच लाइनची तार बदलून घेत असे.