मंथली की डेली: दिवसाला किती रुपये?

“रोज कॉन्टॅक्ट लेन्स घालतेस, तरी डेली घेतेस? मंथलीपेक्षा दुप्पट महाग नाहीत का?”

आहेत, दुपटीहून जास्तच. ते मी कधी नाकारलं नाही.

माझ्या दुकानातले भाव सांगते. मंथलीची जोडी 600 रुपयांना. सोल्युशनची बाटली 360 ची. रोज लेन्स चोळून, धुऊन, लेन्सच्या केसमध्ये ताजं सोल्युशन भरलं की ती महिन्याभरात संपते. तपासणी वर्षातून दोनदा, दर वेळी 600, म्हणजे महिन्याला 100. महिन्यातून 26 दिवस घातल्या तर एकूण 1060, दिवसाला सुमारे 41 रुपये. डेलीची जोडी 100 ला, एक दिवस घालून टाकून द्यायची, म्हणून सोल्युशन नाही, तपासणी तीच. दिवसाला 104.

पण माझी बहीण महिन्यातून चारच दिवस घालते. मंथलीचा महिना पाकीट फोडल्या दिवसापासून मोजायचा, लेन्स केसमध्ये पडून राहिल्या तरी. उघडलेली बाटलीही साधारण तीन महिन्यांनी उरलेल्या सोल्युशनसकट टाकायची, म्हणजे महिन्याला 120. तिला मंथली दिवसाला 205 ला पडतात, डेली 125 ला. महिन्यातून सातेक दिवस घालणाऱ्याला दोन्ही जवळपास सारख्याच.

या हिशेबाने मी मंथलीच घ्यायला हव्यात. कित्येक वर्षं घेतल्याही. मग लेन्स काढल्यावर डोळ्यांना खाज सुटायला लागली. सकाळी कोपऱ्यात चिकट तार दिसायची, पापणी मिटली की लेन्स वर सरकायची. हात धुणं, लेन्सची केस बदलणं, सगळं नेमाने चालू होतं, म्हणून मी धूळ, ऊन, एसी यांनाच दोष देत राहिले. डॉक्टरांनी वरची पापणी उलटवली आणि आरशात दाखवली: आतून लालभडक, दाणेच दाणे. लेन्सवर अश्रूंमधली प्रथिनं साचत जातात. त्यांची आणि लेन्सच्या कडेच्या घासण्याची पापणीला प्रतिक्रिया येते, असं त्यांनी सांगितलं. लेन्स बंद. थेंब सुरू. पुन्हा पुन्हा फेऱ्या. माझा नंबर मोठा आहे, चष्म्यातून कडेचं नीट दिसत नाही, स्कूटर घरीच ठेवावी लागली. त्या काळात मी खरोखर रडले आहे.

पूर्वीची मी म्हणेल, हा आजाराचा खर्च आहे, लेन्सचा नाही. दिवसाच्या 41 रुपयांत तो धरू नकोस. बरोबर आहे तिचं. मंथली घालणाऱ्या कितीतरी जणींना हे कधीच होत नाही, त्यांना मी कशाला घाबरवू? पण मला झालं, आणि त्या फेऱ्या, थेंब, रिक्षा यांचे पैसे माझ्याच पाकिटातून गेले. ते किती महिन्यांवर वाटायचे, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

डेलीवर साचायला दिवसभराचाच अवधी मिळतो, म्हणून डॉक्टरांनी त्या सुचवल्या. लेन्सची कड मात्र याही घासतेच. म्हणून दर सहा महिन्यांनी पापणी उलटवून घेते आणि तपासणीचे ते 100 रुपये डेलीच्या हिशेबातून वगळत नाही.