माय-लेकीच्या गाण्याचं नाव: तीन आठवडे, चार कागद

मागच्या नोंदीत सांगितलं होतं की कापूसवेचणीचं गाणं संपलं. चाल बसली, तीन अंतरे झाले, पेटीवाल्या काकांनी एकदा वाजवूनही पाहिलं. राहिलं होतं फक्त नाव. वाटलं होतं की ते रात्री जेवल्यावर पाच मिनिटांत होईल. तीन आठवडे गेले.

ज्यांनी आधीची नोंद वाचली नाही त्यांच्यासाठी ध्रुवपद देतो. लेक धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून विचारते, माय वावरातून, पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या झाडांमधून उत्तर देते:

सारे गेले घरले, माय, तू कामून वावरात?
अजून थोडं पांढरं हाय पऱ्हाटीच्या पदरात

आणि तिसऱ्या अंतऱ्यात माय हिशेब सांगते. खरं गाणं तिथं आहे:

पहिला वेचा सावकाराले, दुसरा तुमच्या शिक्षणाले
तिसरा वेचा लग्नाले गेला, चौथा हा माह्या मनाले

आपल्याकडे गाण्याला वेगळं नाव ठेवायची फारशी सवय नाही. आकाशवाणीवर निवेदक 'गीताचे बोल आहेत' म्हणून पहिली ओळ सांगायचे. भजनाच्या वहीतली अनुक्रमणिका पहिल्या ओळीवरच असते. गझलेला तर मुळात शीर्षकच नसतं, ती मतल्यावरून ओळखायची. कवितेची रीत वेगळी. तिला कवी शीर्षक देतो, पण तेही बरेचदा कवितेच्याच पोटातून काढलेलं असतं. केशवसुतांच्या 'तुतारी'ची पहिली ओळ 'एक तुतारी द्या मज आणुनि' आहे. म्हणजे कवीनं अख्खी ओळ न घेता तिच्यातला सगळ्यात जड शब्द उचलला. हे माझ्या डोक्यात होतं, म्हणून मी आधी ओळीकडेच गेलो.

रीतीप्रमाणे नाव झालं असतं 'सारे गेले घरले'. मोबाईलमध्ये रेकॉर्डिंगच्या फाईलला तेच दिलं आणि पुण्याच्या मामेभावाला पाठवलं. त्याच्या स्क्रीनवर नाव पुरतं मावलं नाही, 'सारे गेले' एवढंच दिसलं. त्याचा लगेच फोन आला, "दादा, कोण गेलं?" गाण्यात 'घरले' हा शब्द क्षणात येतो म्हणून अर्थ सावरतो, पण नाव म्हणून ओळ उचलली की ती कुठंही तुटू शकते. आणि तुटल्यावर ही ओळ मर्तिकाची होते. दुसरी अडचण अशी की ही ओळ लेकीची आहे आणि गाणं मायचं आहे. पहिला कागद फाडला.

दुसरा कागद 'पऱ्हाटीच्या पदरात'. ध्रुवपदाचा शेवट, कानाला गोड, अनुप्रास आयता. माझा जीव यावरच होता. पण वहिनीला म्हटलं, "मोबाईलवर टाईप करून दाखवा." तिनं 'पराटी' लिहिलं. पुतण्यानं 'पर्हाटी' लिहिलं. तो अर्धा 'ऱ' कीबोर्डवर कुठं असतो हे घरात मला एकट्यालाच माहीत होतं, आणि मलाही तो शोधावाच लागला. जे नाव तीन माणसं तीन तऱ्हेनं लिहितात, ते शोधणाऱ्याला सापडायचं कसं? गाण्यात तो शब्द राहीलच. तिथं तो ऐकायचा आहे, लिहायचा नाही. पण पाटीवर तो नको.

मग तिसरा कागद, ज्यानं दोन आठवडे खाल्ले. एका रात्री अचानक शब्द सुचला: 'फरदड'.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे कापूस पावसाबरोबर जून-जुलैत लावतात, दसरा-दिवाळीच्या आसपास पहिला वेचा येतो आणि मग एकामागून एक वेचे होतात. हंगाम संपला तरी पऱ्हाटी न उपटता, पाणी देऊन तीच पुढं ठेवली आणि उरलंसुरलं घेतलं की ती फरदड. बोंडं लहान, धागा हलका, वजन कमी.

शब्द सुचला तेव्हा वाटलं, झालं काम. अख्ख्या गाण्यात हा शब्द कुठं नाही, आणि मायच्या म्हातारपणावर तो किती बसतो! हंगाम सगळ्यांना देऊन झाल्यावर जे उरतं ते तिचं. शिवाय एकच शब्द, जोडाक्षर नाही, टाईप करायला सोपा. शोधून पाहिलं तर त्या नावाचं दुसरं गाणंही समोर आलं नाही. (नावाचा हक्क वगैरे विचारणाऱ्यांसाठी: नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये एका हिंदी सिनेमाच्या नावावरून म्हटलेलं आहे. तेव्हा भीती कायद्याची नसते. भीती असते ती आपलं गाणं दुसऱ्याच्या गर्दीत हरवायची.)

शेजारच्या काकांना पारावर गाणं ऐकवलं आणि शेवटी नाव सांगितलं. गाणं चालू असताना ते गप्प होते, डोळे मिटून. नाव ऐकलं आणि म्हणाले, "गाणं माईचं अन् नाव फरदड? अळीचं माहेर हाय थे, बापू."

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भात जे केलं ते इथं कोणी विसरलेलं नाही. फरदड ठेवली की अळीला खायला मिळत राहतं आणि ती पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. म्हणून 'फरदड घेऊ नका' हे कृषी खात्याच्या माणसाकडून प्रत्येक शेतकऱ्यानं ऐकलेलं आहे. माझ्या लेखी तो उशिरा मिळालेल्या सुखाचा शब्द होता, काकांच्या लेखी तो एक चूक होता. मायला फरदड म्हणणं म्हणजे तिला वेळेवर उपटायला हवी होती असं म्हणण्यासारखं झालं. आणि मामेभावाला विचारलं तर त्याला शब्दच माहीत नव्हता, त्याला ते एखाद्या गावाचं नाव वाटलं. म्हणजे ज्याला शब्द कळतो त्याला तो टोचतो, आणि ज्याला टोचत नाही त्याला कळत नाही.

तरी तो शब्द सुटेना. आठ दिवस मी काकांशी मनातल्या मनात भांडत होतो. मग एका सकाळी उलटा प्रश्न पडला: मला हा शब्द हवा कशासाठी आहे? तो असं काय सांगतो जे गाणं सांगत नाही? वही उघडून तिन्ही अंतरे पुन्हा वाचले आणि भोक सापडलं. हंगाम सरत आला आहे हे गाण्यात कुठंच नव्हतं. 'सारे गेले घरले' यातून कळते ती फक्त संध्याकाळ. ऐकणाऱ्याला वाटतं, माय आज उशिरापर्यंत थांबली आहे. ती वर्षाच्या शेवटाला थांबली आहे, हे माझ्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. 'चौथा वेचा' यातून अंदाज येतो, पण तो शेवटच्या अंतऱ्यात. तोवर दोन अंतरे वाया गेलेले. फरदड हे नाव मी ठिगळासारखं लावत होतो.

संपलेलं गाणं उघडायचं नाही असा माझा नेम आहे, कारण एक ओळ उघडली की दहा उसवतात. पण इथं नेम मोडला. पहिल्या अंतऱ्याची पहिली ओळ अशी होती:

उन्हं कलली, पाखरं फिरली, धुरा झाला रिकामा

ती अशी केली:

तूर सोंगली, बोरं सरली, धुरा झाला रिकामा

चाल तशीच राहिली. 'बोरं' वर एक मात्रा जास्त ओढावी लागते, पेटीवाले काका म्हणाले, चालते. पण आता तूर निघाली, बोरंही संपली, म्हणजे संक्रांत मागं पडली, हे इथल्या माणसाला न सांगता कळतं. बाहेरच्याला महिना नेमका कळला नाही तरी काहीतरी सरलं आहे एवढं पोचतं. ही ओळ बदलून गाणं पुन्हा म्हटलं आणि फरदड शब्दाची ओढ तिथंच संपली. तो अजून मला आवडतो. पण त्याचं काम आता दुसऱ्या कोणी घेतलं होतं.

चौथ्या कागदावर 'चौथा वेचा' लिहून पाहिलं. गाण्यातलंच, पण एकदाच येणारं. वाईट नाही. आकडा नावात आला की ऐकणारा मोजायला लागतो, आणि पहिला वेचा आला की त्याचे कान उभे राहतात. गडबड अशी की माझ्या गाण्यात चारही वेचे दोन ओळींत येतात. वाट पाहायला जागाच नाही. एकेका अंतऱ्यात एकेक वेचा असता तर हेच नाव ठेवलं असतं. इथं त्यानं फक्त मायचं शेवटचं वाक्य आधीच फोडलं असतं.

उरलं ते पहिल्यापासून समोर होतं: 'अजून थोडं पांढरं'. चार वेळा येतं, प्रत्येक वेळी मायच्या तोंडून. मी टाळत होतो कारण सोपं वाटत होतं. 'हाय' ठेवायचं की नाही यावर एक संध्याकाळ गेली. 'अजून थोडं पांढरं हाय' असं लिहिलं तर आमच्या भागाबाहेरचा माणूस गाणं ऐकण्याआधीच हसायची तयारी करतो. वऱ्हाडी दिसली की विनोद असणार असं त्याला वाटतं. 'आहे' लिहिलं तर माय शाळामास्तरीण होते. क्रियापद काढून टाकलं आणि दोन्ही भानगडी मिटल्या. वर वाक्य अर्धं राहिलं ते बरंच झालं. पांढरं काय, कापूस की केस, हे नावात ठरत नाही. केसांचं मला लिहिताना सुचलंच नव्हतं, ते वहिनीनं दाखवलं.

पारख म्हणून एकच गोष्ट केली. चौघांना नाव न सांगता गाणं ऐकवलं आणि दुसऱ्या दिवशी म्हटलं, "काल ऐकलं ते कोणतं, सांगा बरं." दोघं म्हणाले, "ते अजून थोडं पांढरं." एक म्हणाला, "मायचं." शेजारच्या काकांनी अख्खं ध्रुवपद म्हणून दाखवलं.

फाईलचं नाव बदललं. परवा भजन मंडळाच्या वहीत गाणं उतरवून घेतलं तर अनुक्रमणिकेत त्यांनी मला न विचारता 'माय-लेकीचं' असं लिहून ठेवलं होतं, शाईनं. मी खोडलं नाही. पुढच्या नोंदीत दुसऱ्या अंतऱ्याच्या चालीबद्दल लिहीन, तिथं पेटीवाल्या काकांचं आणि माझं अजून जमलेलं नाही.