आळ पॅनेलवर, दोष साडेपन्नास हर्ट्झचा: आमची वाटचाल

कुपवाड एमआयडीसीत आमचा पॅनेलचा कारखाना आहे. मोटर स्टार्टर, एपीएफसी, डीजीचे म्हणजे डिझेल जनरेटरचे चेंजओव्हर, मग सोलरचे एसी पॅनेल, अशी कामं वाढत गेली. ती वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगायचं आहे ते तासगावच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजबद्दल. त्या कामात आमचं नाव जवळजवळ बुडालं होतं. या धंद्यातल्या लोकांना आजही त्यातली अर्धीच गोष्ट माहीत आहे.

स्टोरेज आबांचं. आमचं पहिलं मोठं पॅनेल त्यांनीच घेतलं होतं, तेही आगाऊ पैसे देऊन. छतावर ३० किलोवॅटचे तीन सोलर इन्व्हर्टर, म्हणजे ९० किलोवॅट. त्याला १०० केव्हीएचे बॅटरी इन्व्हर्टर आणि २०० युनिटांची लिथियम बॅटरी जोडायचं ठरलं. लाइट गेली की स्टोरेज ग्रिडपासून तुटून स्वतःच्या बळावर चालावं, हा हेतू. बॅटरीचं आणि सोलरच्या सेटिंगचं काम दुसऱ्या एका फर्मने घेतलं. आमच्याकडे ग्रिडची वीज आत येते तिथलं, इन्कमरचं पॅनेल होतं: चार पोलचा एसीबी म्हणजे मुख्य ब्रेकर, व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी बघणारा रिले, सिंक चेक रिले, आणि ग्रिड तुटल्यावर न्यूट्रल अर्थला जोडणारा कॉन्टॅक्टर. हा शेवटचा भाग लोक विसरतात. चार पोलचा एसीबी उघडला की रोहित्राचा न्यूट्रलही तुटतो आणि आतल्या व्यवस्थेला अर्थचा आधार राहत नाही. मग कुठे गळती झाली तरी ती पकडणारा ईएलसीबी पडेलच याची खात्री नसते.

काम सुरू झालं आणि तक्रारी आल्या. रात्री लाइट गेली तर सगळं ठीक. भर दुपारी, ऊन कडक असताना गेली की तिन्ही सोलर इन्व्हर्टर एकदम बंद. मिनिटभराने परत चालू, काही क्षणांत परत बंद. दुपारभर हाच खेळ. कॉम्प्रेसर बॅटरीवर चालायचा, सोलर फुकट जायचा आणि लाइट लांबली तर संध्याकाळी डीजी लावावा लागायचा. त्या फर्मच्या इंजिनिअरने आबांना सांगितलं, पॅनेल स्लो आहे, एसीबी वेळेत उघडत नाही. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. आमचे जे जे ग्राहक त्यांना ठाऊक होते, त्या सगळ्यांकडे ही बातमी पोचली. दोन ठिकाणी आमची बिलं थांबली, एक ऑर्डर रद्द झाली, आणि तांब्याच्या बसबारचे पैसे द्यायला कॅश क्रेडिट अपुरं पडलं. माझ्या भागीदाराने घरचं सोनं गहाण ठेवून पगार केले. आबा मात्र म्हणाले, "तुमचं पॅनेल मी वीस वर्षं बघतोय. काय ते मोजून दाखवा, मग बोलू."

मोजायचं म्हणजे काय, ते आधी सांगतो. डीजीवर लोड कमी झाला की इंजिन पळायला लागतं आणि फ्रिक्वेन्सी आपोआप चढते. बॅटरी इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काहीच नाही. ग्रिड असताना तो ग्रिडच्या मागे चालतो. ग्रिड तुटली की ५० हर्ट्झ त्यानेच तयार करायचे असतात. भजनात मृदंगवाला उठून गेला तर टाळकऱ्यांपैकी एकाने मृदंग घ्यावा, तसं. सोलर इन्व्हर्टर मात्र टाळकरीच राहतात, दिसेल त्या लयीमागे जातात. जास्तीची वीज आली तर बॅटरी इन्व्हर्टर ती मुकाट्याने बॅटरीत भरतो, तेव्हा फ्रिक्वेन्सी हलण्याचं कारण नसतं. बॅटरी भरली आणि वीज ठेवायला जागा नसली, की तो मुद्दाम फ्रिक्वेन्सी वाढवतो. तो सोलरला दिलेला निरोप असतो: आता कमी करा. वेगळी वायर लागत नाही, निरोप पॉवरच्या केबलमधूनच जातो. आबांकडच्या बॅटरी इन्व्हर्टरला अपेक्षित होतं की ५०.२ हर्ट्झपासून सोलर उतरायला लागेल आणि ५२.७ ला शून्यावर येईल.

आता हिशेब बघा. अडीच हर्ट्झमध्ये ९० किलोवॅट, म्हणजे हर्ट्झमागे ३६. दुपारी स्टोरेजचा लोड साधारण ५५ किलोवॅट, वरचे ३५ नेट मीटरिंगने बाहेर जायचे. लाइट गेली आणि बॅटरी भरलेली असली तर हे ३५ किलोवॅट सोलरने कमी करायला हवेत. त्यासाठी फ्रिक्वेन्सी जवळपास एक हर्ट्झने चढायला हवी, म्हणजे ५१.२ च्या आसपास. पण सोलर इन्व्हर्टर भारताच्या नेहमीच्या ग्रिड सेटिंगवर होते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांत फ्रिक्वेन्सी ४७.५ च्या खाली किंवा ५०.५ च्या वर गेली की ०.२ सेकंदात सुटायचं, असं आहे. ग्रिडवर ते बरोबरच आहे. पण ५०.२ ते ५०.५ एवढ्या चिंचोळ्या जागेत सोलर फार तर ११ किलोवॅट उतरू शकतो. तेवढ्यात दरवाजा बंद. पुन्हा जोडून घेण्याआधी ६० सेकंद ग्रिड नीट दिसायला हवी, म्हणून तो मिनिटाचा खेळ.

हे सिद्ध कसं करायचं? पॅनेलवरचा डिजिटल मीटर उपयोगाचा नाही. तो सेकंदाची सरासरी काढतो, आणि गोष्ट त्या सेकंदाच्या आत घडून जाते. आमच्याकडे एक जुना रीडवाला फ्रिक्वेन्सी मीटर आहे, पातळ पत्त्यांची रांग असलेला, ४७ पासून ५३ पर्यंतचा. एका जुन्या डीजी पॅनेलमधून भागीदाराने काढून जपून ठेवला होता. तो बसबारवर लावला. ग्रिड असताना ५० ची पत्ती थरथरत होती. आबांनी इन्कमर हाताने उघडला, तशी थरथर एका पत्तीवरून पुढच्या पत्तीवर सरकत साडेपन्नासवर गेली, पाठोपाठ सोलरचा आवाज बंद, आणि थरथर मागे ५० वर. डोळ्यांनी दिसलं. कागदावर हवं म्हणून पॉवर अ‍ॅनलायझर भाड्याने आणला, तीन करंट क्लॅम्प सोलरच्या फीडरवर, व्होल्टेज बसबारवर. नोंद स्वच्छ आली: एसीबी उघडायला साठेक मिलिसेकंद, ठरल्याप्रमाणे, व्होल्टेज सावरलेलं, मग फ्रिक्वेन्सी चढली आणि ५०.५ ओलांडताच तिन्ही इन्व्हर्टरांचा करंट एकाच वेळी शून्य. पॅनेलचा दोष असता तर सोलर एसीबी उघडतानाच पडला असता, फ्रिक्वेन्सी चढेपर्यंत थांबला नसता.

तो आलेख मी लॅमिनेट करून ठेवला आहे. त्या फर्मला मेलने पाठवला, उत्तर आलं नाही. ज्यांनी बिलं अडवली त्यांनाही पाठवला. एकाने पैसे दिले, दुसऱ्याने अजून दिलेले नाहीत.

दुरुस्ती सोपी होती असं कोणी म्हणेल. सोलर इन्व्हर्टरचं सेटिंग बदलून मायक्रोग्रिडचं करायचं, म्हणजे ते ५३ हर्ट्झपर्यंत टिकतील. पण तेवढंच केलं तर ग्रिड चालू असतानाही ते ५०.५ ला सुटणार नाहीत, आणि नियम मोडेल. म्हणून ती जबाबदारी आम्ही इन्कमरच्या रिलेवर आणली: ग्रिडच्या बाजूला ४७.५ ते ५०.५ च्या बाहेर काही दिसलं की रिले शंट ट्रिपने एसीबी उघडणार, सगळं मिळून ०.२ सेकंदाच्या आत. रिलेला टेस्ट किटमधून खोटी फ्रिक्वेन्सी देऊन चाचणी केली आणि रिपोर्ट जोडून परवानगी मागितली. ती फाइल एका टेबलावर किती पडून होती याबद्दल न बोललेलं बरं. आबा स्वतः जाऊन बसले तेव्हा हलली.

दुसरा बदल बॅटरीत. बॅकअप हवा म्हणून तिला कायम शंभर टक्के भरून ठेवलं होतं. आम्ही दिवसा ८५ टक्क्यांवर थांबवली. २०० युनिटांत ३० युनिटांची जागा झाली, म्हणजे ३५ किलोवॅट जास्तीचे आले तरी पाऊण तासाच्या वर फ्रिक्वेन्सी हलवावी लागत नाही. संध्याकाळी ऊन गेलं की ग्रिडवरून पूर्ण भरून घ्यायची. हे सगळ्यांनी करावं असं माझं म्हणणं आहे. भरलेल्या बॅटरीवर दुपारी ग्रिड तुटणं हा या व्यवस्थेचा सगळ्यात अवघड क्षण असतो. थंडी पुरेशी झाली आणि कॉम्प्रेसर थांबला तर लोड १८ किलोवॅटवर येतो, आणि तेव्हा फ्रिक्वेन्सी ५२.२ पर्यंत चढते. मोटरला त्याने काही होत नाही, पण पंखे चारेक टक्के जास्त फिरतात आणि त्यांचा लोड तेरा-चौदा टक्क्यांनी वाढतो. ऑफिसातला यूपीएस मात्र एवढी फ्रिक्वेन्सी नाकारून स्वतःच्या बॅटरीवर जातो आणि शिट्ट्या मारतो. तो बिघडला समजून बदलू नका, त्याच्या सेटिंगमध्ये फ्रिक्वेन्सीची खिडकी रुंद करता येते का ते बघा.

लाइट परत आल्यावरही एक अडचण असते. आतली फ्रिक्वेन्सी ५१.२ आणि ग्रिड ५० च्या जवळ. सिंक चेक रिलेला ०.३ हर्ट्झ, १० टक्के व्होल्टेज आणि २० अंशांच्या आतला फरक हवा असतो. तो मिळत नाही, म्हणून एसीबी लागत नाही, आणि परत पॅनेलच्या नावाने ओरड. बॅटरी इन्व्हर्टरने आधी फ्रिक्वेन्सी खाली आणायला हवी, पण ती खाली आली की सोलर उसळतो. बॅटरीत जागा असली तर ती तो झटका पिते. नसली तर आम्ही सोलरचे दोन कॉन्टॅक्टर आधी उघडतो, मग जुळवतो, मग एसीबी लावतो आणि सोलर एकेक करून परत घेतो.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, तेव्हा शहर वेगळं काढून चालवण्याची जुनी योजना असूनही ते टिकलं नाही. आत तयार होणारी वीज लोडला पुरी पडली नाही. आबांकडे अडचण उलटी होती, वीज जास्त होती, पण प्रश्न तोच: तुटल्याच्या त्या क्षणी आत किती बनतंय आणि किती लागतंय.

कमिशनिंगला बोलावलं की आम्ही आता अटच घालतो: चाचणी दुपारी बारा-एकला, बॅटरी भरलेली, कॉम्प्रेसर बंद, आणि इन्कमर हाताने उघडायचा. सकाळी दहाला, अर्ध्या बॅटरीवर केलेली चाचणी मी मान्य करत नाही. आबांच्या दुसऱ्या गोदामाचं काम सध्या चालू आहे. तिथे सोलर १५० किलोवॅट आणि बॅटरी इन्व्हर्टर १०० केव्हीए. बॅटरी इन्व्हर्टरच्या क्षमतेपेक्षा जास्त सोलर त्याच्या पाठीशी ठेवायचा नाही, कारण लोड अचानक सुटला तर निरोप पोचेपर्यंत ती सगळी वीज त्याच्यावरच येते. म्हणून ५० किलोवॅट आम्ही एसीबीच्या ग्रिडच्या बाजूला घेतला. लाइट गेली की तो बंद पडेल, आणि तो पडावाच असं ड्रॉइंगवर लिहून आबांची सही घेतली आहे.