तिसऱ्यांदा वाकलेली काडी

पावसाळ्यात चिपळूणला आमच्या पडवीत छत्र्यांचा ढीग लागतो. त्यात तीन घड्यांच्या छत्र्याच जास्त. त्यांची ॲल्युमिनियमची काडी एकदा दुमडली की सरळ करतानाच तुटते, म्हणून जुन्या छत्रीची काडी काढून बसवायची आणि पुढची घ्यायची. लांब दांड्याची काळी छत्री आली की मात्र मी बाकीचं बाजूला ठेवतो.

यंदा आषाढात एक निवृत्त गुरुजी तशीच छत्री घेऊन आले. लाकडी दांडा, आठ काड्या, एक काडी मध्यावर डाव्या अंगाला वाकलेली. "ही तिसऱ्यांदा वाकली," ते म्हणाले. "दोनदा बाजारात बदलून घेतली. तुम्ही चांगली घाला."

ही काडी भरीव तार नसते. १८५२ साली इंग्लंडच्या सॅम्युएल फॉक्सने पन्हळीसारखी दुमडलेली पोलादी काडी आणली, तीच जात आजही चालते. वजनाला हलकी आणि वरून येणाऱ्या ओढीला ताठ. आडवी मात्र ती कमजोर. जिथे आखूड आधारकाडी तिला जोडलेली असते, तिथे भोक असतं, आणि वाकते ती तिथेच. वाकताना पन्हळीच्या कडा फाकतात. थोडी वाकली असेल तर आत बारीक तार ठेवून पकडीने आधी कडा मिटवायच्या आणि मगच काडी सरळ करायची. लोक घरी थेट गुडघ्यावर दाबतात, त्याने भोकापाशी चीर जाते. गुरुजींच्या काडीला तशी चीर गेलेलीच होती, म्हणजे बदलणं आलं.

बदलताना लांबी जुळली एवढ्याने भागत नाही. माथ्यापासून जोडापर्यंतचं अंतरही तंतोतंत हवं, नाहीतर छत्री एका अंगाला कलते. माझ्या साठ्यात तशी काडी सापडली. टोकाचे टाके उसवले, माथ्याच्या चकतीतली तार सोडली, काडी ओवली, तार पुन्हा पिळली. छत्री उघडली तर नवी काडी माझ्या डोळ्यांदेखत डावीकडे झुकायला लागली. वारा नाही, पाऊस नाही, पडवीत.

दोष काडीत नव्हताच. मी दोरा घेऊन एका टोकापासून शेजारच्या टोकापर्यंतचं अंतर मोजत, दोन काड्यांमधल्या कापडाच्या आठही कळ्यांवरून गेलो. बाकीच्या कळ्या ३८ सेंटिमीटरच्या आसपास होत्या, डावीकडची जेमतेम ३५. कापड उलटं करून पाहिलं तर माथ्याकडून काठापर्यंत एक फाटलेली रेघ कुणीतरी दुमडून टीप मारून बंद केली होती. टीप सुरेख होती, शिंप्याच्या मशीनची. शिंप्यांचं हेच चुकतं. सदरा तीन सेंटिमीटरने आत घेतला तर अंगाला घट्ट बसतो, पण छत्रीचं कापड ताणलेलं असतं आणि त्याच ताणावर काड्या तोललेल्या असतात. एक कळी अरुंद झाली की ती शेजारच्या दोन्ही काड्यांना एकमेकींकडे ओढते. पलीकडची मूळ काडी जाड पत्र्याची, म्हणून ती तग धरून होती. तीही किंचित वळलेली होतीच.

मी गुरुजींना दोरा धरून दाखवलं आणि टीप उसवावी लागेल म्हणालो.

"अहो, ती एकच जागा गळत नाही!"

ते खरंच होतं. तरी उसवली. मोडीतल्या काळ्या छत्रीचं कापड घेतलं, वीण त्याच दिशेला ठेवून वर निमुळती, काठाशी रुंद अशी पट्टी कापली आणि बारीक सुईने पॉलिस्टरच्या दोऱ्याने बसवली. सुती दोरा पावसात कुजतो, आणि जाड सुईचं प्रत्येक भोक गळतं. काडीच्या जोडावर कापडाची चिंधी गुंडाळली, कारण तिथला पत्रा कापडाला आतून घासत असतो. पट्टीच्या शिवणी मेण चोळूनही पहिल्या जोरदार सरीत थोड्या पाझरल्या. काडी सरळ राहिली.

गुरुजी म्हणाले, एवढ्या पैशांत नवी आली असती. तेही खरं. तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. बाजारातल्या दोन्ही कारागिरांनी काडी बसवली होती ती नीटच, मापाला मी दोष देऊ शकत नाही. पण तीच काडी त्याच अंगाला पुन्हा वाकलेली दिसली, तेव्हा दुसऱ्याने तरी कापड उलटून बघायला हवं होतं. दोरा लावायला मिनिटही लागत नाही. मात्र कळी उसवून पट्टी घालायला माझी अख्खी दुपार गेली, आणि त्या दुपारचे पैसे गिऱ्हाइकाकडे मागायला जीभ रेटत नाही. मी काडीचेच घेतले.

आता वाकलेली काडी आली की मी आधी दोरा लावतो आणि कळी अरुंद निघाली तर काडीला हात लावण्याआधीच दोन्ही कामांचे पैसे सांगतो. बरेचजण छत्री परत घेऊन जातात.