सिग्नल प्रोसेसिंगचा तक्ता, तिसरी फेरी: एक रकाना वाढला

सॅम्पलिंग, फूरिये रूपांतराचे गुणधर्म आणि फिल्टर, असं सगळं एकाच प्रकरणात आहे. ते एका पानाच्या तक्त्यात बसवायचं काम गेल्या महिन्यापासून रखडलंय. पहिल्या फेरीत दोनच रकाने होते, गुणधर्म आणि सूत्र. दुसऱ्या फेरीत 'कुठे वापरतात' हा रकाना जोडला आणि काम झालं असं समजून तक्ता भिंतीवर चिकटवला. या रविवारी तो काढावा लागला.

झालं असं की पंचवटीतल्या एका देवळाच्या घंटेचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं, सेकंदाला 48000 नमुन्यांचं. ते 8000 वर आणायचं होतं. तक्त्यात लिहिलेलं होतं, 'सॅम्पलिंग: विदा कमी करणे'. मग काय, दर सहावा नमुना उचलला:

```python
y = x[::6]
```

ऐकलं तर ठीक वाटलं. गोची इथेच आहे. घंटेचे स्वरांश मुळातच एकमेकांच्या सरळ पटीत नसतात, त्यामुळे त्यांत एखादा उपरा स्वर घुसला तरी कान तक्रार करत नाही. म्हणून घंटा बाजूला ठेवली आणि 3000 पासून 6000 हर्ट्झपर्यंत चढत जाणारी शिट्टी तयार करून तिच्यावर तीच ओळ चालवली. शिट्टी 4000 पर्यंत चढली आणि तिथून उलटी फिरून 2000 पर्यंत उतरली. 8000 च्या निम्मे 4000, त्यापलीकडचं सगळं आरशासारखं आत दुमडतं. 5000 चा स्वर 8000 − 5000 = 3000 वर येऊन बसतो. एकदा बसला की खऱ्या 3000 पासून तो वेगळा काढता येत नाही, म्हणून फिल्टर लावायचा तो नमुने गाळण्याच्या आधी.

```python
h = firwin(121, 3400, fs=48000)
y = np.convolve(x, h)[::6]
```

कटऑफ 4000 न ठेवता 3400 ठेवण्याचं कारण असं की 121 गुणकांचा हा फिल्टर (`firwin` आपणहून हॅमिंग खिडकी लावतं) एकदम कापत नाही, उतरायला त्याला सुमारे 1300 हर्ट्झ लागतात. 3400 हा त्या उताराचा मध्य, म्हणजे पुरता बंद व्हायला 4050 च्या आसपास. कटऑफ 4000 दिला असता तर 4200 चा स्वर बऱ्यापैकी शिल्लक राहून 3800 वर उमटला असता.

दुसरी फजिती याहून मजेशीर. 'कन्व्होल्यूशनचा गुणाकार होतो' या ओळीपुढे वापर लिहिला होता, 'लांब फिल्टर झटपट लावणे'. तोच फिल्टर मूळ रेकॉर्डिंगवर एफएफटीने लावून पाहिला. हजार-हजार नमुन्यांचे तुकडे केले, 1024 ची एफएफटी घेतली, प्रत्येक तुकड्याची शेपटी पुढच्या तुकड्यात मिळवली. आवाजात बारीक घरघर आली. शेजारचे काका म्हणाले, "अरे, इन्व्हर्टरची असेल, माझ्या रेडिओतही येते." मलाही ते पटलं. पण विजेची घरघर 50 हर्ट्झ किंवा तिच्या पटीत असायला हवी, ही निघाली 48 च्या पटीत. आणि 48000 भागिले 1000 म्हणजे 48! तुकडा 800 चा केला तर घरघर गायबच झाली.

हिशोब साधा आहे. 1000 नमुने आणि 121 गुणक यांचं कन्व्होल्यूशन 1000 + 121 − 1 = 1120 लांबीचं. एफएफटीत जागा 1024 ची. उरलेले 96 नमुने वाया जात नाहीत, गोल फिरून त्याच तुकड्याच्या सुरुवातीवर चढतात. दर तुकड्याला दोन मिलिसेकंदांची घाण, सेकंदाला 48 वेळा. 1024 च्या एफएफटीत जास्तीत जास्त 904 चा तुकडा चालतो. 800 त्यात बसला, म्हणून आवाज साफ झाला. गुणधर्म खोटा नव्हता. पुस्तकातला अनंत लांबीच्या सिग्नलचा होता, मी वापरला तो गोल फिरणारा.

तर चौथा रकाना, 'कधी फसतो'. सूत्राचा रकाना सोडून तक्त्यातल्या या ओळी आता अशा आहेत:

| गुणधर्म | वापर | कधी फसतो |
|---|---|---|
| सॅम्पलिंगने स्पेक्ट्रमच्या प्रती पडतात | नमुने कमी करणे | आधी लो-पास नसेल तर |
| कन्व्होल्यूशन ↔ गुणाकार | लांब फिल्टर, एफएफटीने | एफएफटी L + M − 1 पेक्षा लहान असेल तर |
| वेळेत सरकवणे ↔ फेज फिरवणे | दोन माइकमधला उशीर काढणे | फेज 2π ने गुंडाळली गेली तर |

रेषीयतेची ओळ काढून टाकली, तिच्यासाठी तक्ता बघायला कोणी उठत नाही. स्केलिंगची ठेवली आहे, पण तिच्या चौथ्या रकान्यात अजून काही नाही. खिडकी लावल्याने स्पेक्ट्रम पसरतो ती ओळ पुढच्या रविवारी, त्यासाठी घंटेचं जरा लांब रेकॉर्डिंग लागेल आणि सकाळी सहाच्या आधी पंचवटीत पोचावं लागेल.