पाच बाइट

काल रात्री साडेअकराला माझ्या असाइनमेंटमधल्या जोडीदारणीचा मेसेज आला आणि तेव्हापासून त्यातला एक शब्द डोक्यातून जात नाही. ‘या वेळी कामाची वाटणी आधीच नीट ठरवू या,’ अशी त्याची सुरुवात आहे. पुढचा सगळा मजकूर शांत, मुद्देसूद आणि सभ्य आहे. एकही वाक्य टोचावे म्हणून लिहिलेले नाही. तरीही ‘वाटणी’ वाचताना मला भावाभावांतल्या शेताच्या बांधाची आठवण झाली, आणि आपल्यात अशी वेळ कधी आली, हा प्रश्न घेऊन मी बराच वेळ अंथरुणात पडून राहिले.

खरे सांगायचे तर माझा पहिला विचार स्वतःची कीव करणारा होता. मागच्या असाइनमेंटच्या वेळी रात्री अडीचपर्यंत मी जागले होते. ती झोपली होती. सकाळी उठल्यावर तिला चालणारा प्रोग्रॅम तयार मिळाला आणि त्यावर तिचाही रोल नंबर होता. एवढे करून आता मलाच वाटणीची भाषा ऐकावी लागते, असे वाटून डोळ्यांत पाणी आले. घरी फोन करावा असेही मनात आले होते, पण त्याबद्दल आज लिहीत नाही.

मागची असाइनमेंट फाइलमधला प्रत्येक शब्द किती वेळा आला ते मोजण्याची होती. हॅश टेबल असलेली `table.c` माझ्याकडे होती आणि फाइल वाचणारी `main.c` तिच्याकडे. वाटणी म्हणतात ती आम्ही एवढीच केली होती. कँटीनमध्ये चहा पिताना दोन मिनिटांत ठरवले होते. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन्ही फाइली एकत्र केल्या आणि तपासायला एक छोटी ओळ दिली: `paus ala paus gela ghar bhijle`. प्रोग्रॅमने पाच ओळी छापल्या. पहिलीत `bhijle 2`, आणि पुढच्या चारही ओळींत `bhijle 1`. आकडे अगदी बरोबर होते, कारण पाऊस दोनदा आला होता आणि बाकीचे चार शब्द एकेकदा. फक्त सगळ्यांची नावे पुसली जाऊन शेवटच्या शब्दाचे नाव सगळ्यांना लागले होते.

कारण समजायला मला दीड तास लागला. तिचा लूप एकाच `char w[64]` मध्ये शब्द वाचत होता आणि दर फेरीला त्याच जागेवर नवा शब्द येत होता. माझे फंक्शन शब्द साठवत नव्हते, शब्दाचा फक्त पत्ता साठवत होते. त्यामुळे टेबलातले पाचही नोड त्याच एका जागेकडे बोट दाखवत राहिले, आणि फाइल संपली तेव्हा त्या जागेवर जे होते ते सगळ्यांच्या नावावर छापले गेले. सगळे शब्द टेबलाच्या वेगवेगळ्या बकेटमध्ये, म्हणजे कप्प्यांत, पडले म्हणून निदान आकडे तरी वाचले. दोन वेगळे शब्द एका बकेटमध्ये आले असते, तर `strcmp` ने त्या जागेची तुलना तिच्याशीच केली असती आणि दोन्ही शब्द एकच ठरले असते.

मी त्या रात्री ही चूक तिची ठरवली. आता शांतपणे पाहिले तर तिचा लूप चुकीचा नव्हता. एका बफरमध्ये पुन्हा पुन्हा वाचणे ही नेहमीची पद्धत आहे. माझे फंक्शनही, प्रत्येक शब्दाला स्वतःची जागा आहे असे धरले, तर बरोबर होते. शब्दाची प्रत कोणी करायची हे आमच्यापैकी कोणीच दुसरीला सांगितले नव्हते. पण मी तिला उठवले नाही, विचारले नाही. तिची `main.c` उघडली आणि तिच्या लूपमध्ये प्रत्येक शब्दासाठी `malloc(strlen(w) + 1)` ने नवी जागा घेऊन तीत शब्दाची प्रत करणे लिहून टाकले. छापलेली नावे बरोबर आली. सकाळी तिला म्हणाले, ‘झाले, काळजी करू नकोस.’ हे मी मनापासून म्हटले होते, तिला वाचवले अशा भावनेने.

ओरलला सरांनी `main.c` तिची म्हणून तिलाच विचारले: यात `+ 1` कशासाठी? ती गप्प राहिली. शेवटच्या `'\0'` साठी एक बाइट लागतो हे तिला माहीत नसेल असे मला वाटत नाही. पण स्वतःच्या फाइलमध्ये न लिहिलेली ओळ अचानक समोर आल्यावर माणूस गोंधळतो. मी शेजारी उभी होते. उत्तर माझ्या जिभेवर होते आणि ते देणेही योग्य नव्हते. तिला माझ्यापेक्षा कमी मार्क मिळाले. बाहेर आल्यावर ती त्याबद्दल काहीच बोलली नाही, आणि तिने मनावर घेतले नाही असा सोयीचा अर्थ मी काढला.

कालच्या मेसेजमध्येही तिने ओरलचा उल्लेख केलेला नाही. तिने फक्त एवढे लिहिले आहे की मागच्या प्रोग्रॅममधली एक गोष्ट तिला नंतर सापडली. शब्द आधीपासून टेबलात असेल तर टेबल फक्त आकडा वाढवते, मग लूपमध्ये केलेली नवी प्रत कोणाच्याच हाती राहत नाही. दुसऱ्या `paus` ची प्रत अशीच हरवली होती: चार अक्षरे आणि एक शेवटचा शून्य, पाच बाइट. शब्द नवा आहे की जुना हे लूपला कळू शकत नाही, ते टेबलालाच कळते, म्हणून प्रत टेबलानेच करायला हवी. मी रात्री अडीचला जे दुरुस्त केले असे समजत होते, ते मुळात चुकीच्या फाइलमध्ये केले होते, आणि हे तिने एकटीने, कोणाला न सांगता शोधून काढले होते. ते वाचल्यावर माझे रडू थांबले. लाज वाटली, हे लिहायला हवे.

नव्या असाइनमेंटमध्ये त्याच टेबलात शब्द काढून टाकण्याची सोय करायची आहे, आकड्यांप्रमाणे क्रम लावायचा आहे आणि सगळे फाइलमध्ये साठवून पुन्हा वाचायचे आहे. तिने सुचवले आहे की या वेळी `table.c` तिच्याकडे राहावी आणि क्रम लावणे, साठवणे, वाचणे आणि मेनू माझ्याकडे. माझ्या ओळी बऱ्याच जास्त होतील हे तिने स्वतःच लिहिले आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे: शब्द काढण्याचे फंक्शन वीस ओळींचे आहे, पण एका बकेटमधल्या नोडच्या चेनमधला पहिला, मधला आणि शेवटचा नोड काढताना पॉइंटर वेगवेगळे हलतात, म्हणून त्याला वेळ तेवढाच लागेल. ओळी मोजून वाटणी करू नये, असे तिचे म्हणणे आहे. दोन्ही फाइलींच्या मध्ये ही हेडर राहील आणि ती दोघींनी आधी मान्य करायची:

```c
/* शब्दाची प्रत टेबल करते; w ज्याचा त्याचाच राहतो. */
int  table_add(Table *t, const char *w);
/* सापडून काढला तर 1, नसेल तर 0 */
int  table_remove(Table *t, const char *w);
void table_free(Table *t);
```

पहिल्या कॉमेंटकडे मी बराच वेळ पाहत राहिले. मागच्या वेळी हे एक वाक्य कोणी लिहिले असते तर ती रात्र आलीच नसती. `const` सुद्धा तिने विचार करून घातले आहे. टेबल तुझ्या शब्दाला हात लावणार नाही, असे ते सांगते.

पुढे तिने लिहिले आहे की एकीच्या फाइलच्या चाचण्या दुसरीने लिहाव्यात, म्हणजे दोन्ही भाग दोघींना वाचावेच लागतील. आणि दोन्ही फाइली गुरुवारीच एकत्र कराव्यात, शेवटच्या रात्री नाही. शेवटचा मुद्दा असा आहे: ‘दुसरीच्या फाइलमध्ये बदल करायचा नाही. चूक सापडली तर कोणत्या इनपुटवर आणि कोणत्या ओळीत, एवढे कळवायचे.’ माझ्यासाठी लिहिलेले वाक्य हेच आहे. काल रात्री ते मला आरोपासारखे वाटले होते. आज दुपारी पुन्हा वाचले तेव्हा वाटले की ती तिच्या हक्काचे काहीतरी मागत आहे, आणि ते मी घेतले होते याची मला कल्पनाही नव्हती. तरीही दुखते. मदत करणाऱ्याला ‘विचारून कर’ असे सांगितले की दुखतेच, ते खोटे कशाला लिहू?

मेसेजसोबत तिने `table.c` चा पहिला मसुदा पाठवला होता, म्हणून संध्याकाळी मी माझ्या वाट्याच्या चाचण्या लिहायला बसले. चेनमध्ये तीन शब्द एकत्र यायला हवे होते. आमचा हॅश अक्षरांच्या कोडची बेरीज करून तिला 7 ने भागतो आणि बाकी घेतो, म्हणजे तीच अक्षरे उलटसुलट केलेले शब्द एकाच बकेटमध्ये पडणार. `raja`, `jara`, `ajar`: तिघांचीही बेरीज 414, बाकी 1. नवा नोड चेनच्या सुरुवातीला जातो, म्हणून शेवटी टाकलेला `ajar` पहिला होतो. तीन चाचण्या लिहिल्या, प्रत्येकीत नवे टेबल, आणि अनुक्रमे पहिला, मधला आणि शेवटचा शब्द काढला. चौथ्या चाचणीत टेबलात नसलेला शब्द काढायला सांगितला. चारही उत्तरे बरोबर आली. मग सवयीने, हरवलेली मेमरी शोधणारे valgrind लावले आणि ही ओळ दिसली:

```
definitely lost: 5 bytes in 1 blocks
```

चाचण्या एकेक करून चालवल्या तेव्हा फक्त पहिला नोड काढतानाच हे होत होते. तिच्या फंक्शनमध्ये त्यासाठी वेगळी शाखा आहे:

```c
if (prev == NULL) {
    t->bucket[i] = n->next;
    free(n);
    return 1;
}
```

खालच्या शाखेत तिने `free(n)` च्या आधी `free(n->key)` लिहिले आहे, इथे राहून गेले आहे. नोड मोकळा झाला आणि त्याने धरलेला `ajar` तसाच राहिला. एक ओळ घालायची होती. कर्सर तिथे नेऊन ठेवला होता, आणि मला अडवणारे कोणी नव्हते. तिला कळलेही नसते. मागच्या वेळीही कळले नव्हते, ओरलपर्यंत.

फाइल बंद केली. मग दिवसभर टाळलेले उत्तर लिहायला घेतले. सुरुवातीला मागच्या वेळेबद्दल लांबलचक परिच्छेद लिहिला, तो खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. शेवटी पाठवले ते इतकेच: ‘वाटणी मान्य आहे. `+ 1` ची ओळ मी न विचारता घातली होती, ते चुकले. तुझ्या फाइलमध्ये `raja`, `jara`, `ajar` टाकून `ajar` काढला की पाच बाइट हरवतात. `prev == NULL` ची शाखा बघ. चाचणी जोडली आहे.’

दहा वाजून गेले आहेत. मेसेज तिने वाचला आहे, उत्तर अजून आलेले नाही. मी माझ्या `qsort` च्या तुलनेचे फंक्शन उघडून बसले आहे, पण अर्धे लक्ष फोनकडे आहे.