तुमचे किती धरू?

भाचीने गृहप्रवेशाचा मेसेज ग्रुपवर टाकायच्या आधी मला पाठवला. "मामा, जरा नजर टाक ना. उद्धट नाही ना वाटत?" नुकतंच जेवून आडवा झालो होतो. चष्मा शोधून वाचला.

'रविवारी 18 तारखेला आमच्या नव्या घरी जेवायला या. वेळ दुपारी 12 ते 3. जेवणाची तयारी नीट करता यावी म्हणून मोठे किती आणि दहा वर्षांखालचे किती येणार, ते 11 तारखेपर्यंत कळवाल का?'

उद्धट मुळीच नव्हता. पण तिला असं का वाटलं, ते मात्र लगेच कळलं. आमच्या आजीने हा मेसेज वाचला असता तर ती म्हणाली असती, "जेवायला बोलावताय की हजेरी घेताय?" येणार का, किती जण येणार, हे पाहुण्याला विचारायचं नाही, आपण ओळखायचं, असा तिचा खाक्या होता.

त्यामुळे कार्याच्या आधी आई जुन्या पाकिटाच्या पाठीवर यादी करायची आणि मी शेजारी पेन्सिलींना टोक काढत बसायचो. प्रत्येक नावापुढे उभ्या रेघा. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "त्यांच्या मोठीची परीक्षा आहे, ती नाही येणार," की एक रेघ खोडली जायची. "पण मग तिची आजी येईल," की परत काढली जायची. शेवटी बेरीज, आणि बेरजेच्या खाली 'वरचे दहा'. हे दहा कोण, ते कधीच कुणाला माहीत नसायचं. पण असायचे खरे.

अंदाज चुकायचाच. जास्त झालं तर पुढचे दोन दिवस तेच अन्न रूप बदलून ताटात येई. कमी पडलं, तर मात्र पाहुण्यांपैकी कुणाला पत्ता लागत नसे. शेवटच्या पंगतीला आई, काकू, आत्या बसायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, "मला बाई फार भूकच नाही." कार्याच्या दिवशी बायकांना भूक लागत नाही, असं मला कितीतरी वर्षं खरंच वाटत होतं.

तेव्हा भाचीला म्हटलं, खुशाल टाक मेसेज.

11 तारीख तिने उगाच निवडली नव्हती. केटररला पक्का आकडा बुधवारी, 14 तारखेला हवा होता. सामानाची मागणी एकदा गेली की चार-पाच पानं वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. आणि कमी माणसं आली तरी पैसे सांगितलेल्या आकड्याचेच. म्हणून पाहुण्यांची मुदत केटररच्या मुदतीआधी तीन दिवस. हे तीन दिवस न कळवणाऱ्यांसाठी राखून ठेवलेले. शिवाय 11 ला रविवार, म्हणजे घरातली सगळी माणसं एकत्र सापडायची आणि विचारून सांगायची सोय. मेसेजही आधीच्या आठवड्यात टाकला. फार आधी विचारलं तर लोकांना स्वतःलाच माहीत नसतं, आणि 'बघतो' हे उत्तर एकदा देऊन झालं की माणूस परत बघत नाही.

ग्रुपवर मेसेज पडला आणि व्हायचं ते झालं. पहिलं 'अभिनंदन' आलं, त्याच्यामागे सगळ्यांची अभिनंदनं, हार, फुगे, हात जोडलेले. प्रश्न कुठच्या कुठे वर निघून गेला. अंगठे तर इतके, की ते 'वाचलं'चे, 'छान'चे की 'येतो'चे, कुणी सांगावं! बोलावलेली कुटुंबं 42. रविवारी रात्रीपर्यंत त्यातल्या 13 जणांनी आकडा सांगितला होता, चौघांनी जमणार नाही म्हणून कळवलं होतं आणि सहा जणांनी नुसतंच 'नक्की!' लिहिलं होतं. या 'नक्की' मंडळींवर माझा फार जुना राग आहे. गप्प बसलेल्याला निदान विचारता तरी येतं. 'नक्की' म्हणणाऱ्याला वाटतं, आपलं काम झालं. पण नक्की दोन की नक्की सात?

सोमवारी भाचीने एकेकाला वेगळा मेसेज करायला घेतला. 'तुम्ही येताय ना?' असं दोघातिघांना विचारलं. 'हो हो, म्हणजे काय' यापलीकडे काही हाती लागेना. मग तिने वाक्य बदललं. 'काकू, तुमचे चार धरू ना?' आणि उत्तरं धडाधड यायला लागली. 'अगं नाही, तीनच. हे दौऱ्यावर आहेत.' 'चार नको, पाच धर, सासूबाई आल्यात.' मोकळी जागा भरायचा कंटाळा करणारी माणसं चुकलेला आकडा दुरुस्त करायला मात्र लगेच धावतात. एका काकांना तिने सवयीने 'दोन धरते' लिहिलं. पलीकडून आलं, 'आता एकच धर.' त्यावर काय लिहावं ते तिला बराच वेळ सुचेना. मग तिने मेसेज नाही केला, फोन केला.

मंगळवारी रात्री आम्ही बेरीज करायला बसलो. मोठी माणसं 75. मुलं 16, ती अर्धी धरून आठ. 'बघतो'वाल्या चार घरांतली मिळून बाराएक माणसं होती, त्यातली निम्मी, म्हणजे सहा. झाले 89. केटररला नव्वद सांगायला ती निघाली तेव्हा मी विचारलं, "आणि तुम्ही?" घरची चार माणसं, गाडीचा ड्रायव्हर आणि कामाला मदत करणाऱ्या बाई यादीत नव्हत्याच. ज्यांच्या घरी जेवण, तेच नेहमी गळतात. 95 सांगितले.

केटरर बोलायला मोकळा होता. म्हणाला, आकडा मला सगळ्याच पदार्थांना सारखा लागत नाही. जे ढवळून करायचं त्यात दहा माणसं इकडेतिकडे झाली तरी मी निभावतो. जे नगावर मोजून करायचं तिथे एकही माणूस निभावता येत नाही. म्हणून गोड मोजायचं न ठेवता वाढायचं ठेवा. आणि 12 ते 3 म्हटलं तरी पाऊणच्या आत कुणी फिरकत नाही आणि सव्वाला सगळे एकदम येतात, तेव्हा सगळं अन्न आधीच बाहेर मांडायचं नाही. आईच्या पाकिटावरचे 'वरचे दहा' या माणसाने ढवळायच्या पातेल्यात बसवले होते.

18 तारखेला नेमके किती आले, कुणी मोजलं नाही. अन्न पुरलं, थोडं उरलं, आणि भाची सव्वातीनला चक्क भूक लागली म्हणून ताट वाढून घेऊन बसली. तेवढ्यात, न जमणाऱ्या चौघांपैकी एक गृहस्थ मुलाबाळांसकट दारात हजर. "जेवायला नाही हं, नुसतं घर बघायला आलोय." घर बघितलं, गॅलरी बघितली, मग ताटंही घेतली. दोनदा वाढून घेतलं.

पुढच्या वेळी यांचे किती धरायचे, मला विचारू नका.